परतावा वाढला, पण कशामुळे?

मालकांनी कंपनीत अडकवलेल्या शंभर रुपयांवर वर्षाअखेर, कर भरून, किती रुपये नफा उरला हे सांगणाऱ्या आकड्याला ‘रिटर्न ऑन इक्विटी’ म्हणतात. मराठीत त्याला मालकांच्या निधीवरचा परतावा म्हणता येईल. मालकांच्या निधीत दोन गोष्टी येतात. एक म्हणजे शेअर देऊन उभे केलेले भांडवल, आणि दुसरी म्हणजे वर्षानुवर्षे वाटून न टाकता कंपनीतच ठेवलेला नफा, म्हणजे राखीव निधी. नफा-तोटा पत्रकातला करोत्तर नफा घ्यायचा आणि ताळेबंदातल्या या निधीने भागायचा, एवढेच गणित. निधी वर्षभर बदलत असतो, म्हणून वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घेऊन त्यांची सरासरी वापरतात.

हा आकडा सोपा आहे, आणि त्याची अडचणही तीच आहे. तो १६ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेला तर धंदा सुधारला असे वाटते. प्रत्यक्षात असा आकडा तीन अगदी वेगळ्या कारणांनी वाढू शकतो. विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे जास्त नफा उरला, तेवढ्याच मालमत्तेवर जास्त विक्री झाली, किंवा स्वतःचे पैसे तेवढेच ठेवून बाहेरचे पैसे जास्त वापरले. पहिल्या दोन कारणांचे श्रेय कारखान्याला जाते. तिसऱ्याचे श्रेय बँकेला आणि माल पुरवणाऱ्यांना जाते, आणि त्याबरोबर धोकाही येतो. ही कारणे एकमेकांपासून सुटी करण्याची रीत म्हणजे परताव्याची तीन भागांत फोड:

परतावा = (नफा ÷ विक्री) × (विक्री ÷ एकूण मालमत्ता) × (एकूण मालमत्ता ÷ मालकांचा निधी)

पहिला भाग मार्जिन, दुसरा मालमत्तेची उलाढाल, तिसरा लिव्हरेज, म्हणजे मालकांच्या एका रुपयावर कंपनीने किती रुपयांची मालमत्ता उभी केली आहे ती पट. वरची विक्री खालच्या विक्रीने आणि वरची मालमत्ता खालच्या मालमत्तेने कटते. उरतो तो नफा भागिले मालकांचा निधी. म्हणजे फोड करताना नवे काही गृहीत धरावे लागत नाही, एकच भागाकार तीन टप्प्यांत लिहायचा असतो.

या पद्धतीला ड्युपाँ पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या ड्युपाँ या स्फोटके आणि रसायने बनवणाऱ्या कंपनीत डोनाल्डसन ब्राउन या कर्मचाऱ्याने १९१२ च्या सुमारास तिचा पाया घातला. ड्युपाँने पुढे जनरल मोटर्समध्ये मोठी गुंतवणूक केली, १९२१ मध्ये ब्राउन तिकडे गेला आणि त्याच्याबरोबर ही पद्धतही गेली. ब्राउनच्या मांडणीत मात्र मार्जिन आणि उलाढाल एवढे दोनच भाग होते. कंपनीचे कोणते खाते गुंतवलेला पैसा नीट राबवते आहे हे त्याला पाहायचे होते, पैसा कोणाचा आहे याच्याशी त्या प्रश्नाचा संबंध नव्हता. लिव्हरेजचा तिसरा भाग बऱ्याच नंतर जोडला गेला. छोट्या कंपनीचे हिशेब वाचताना सगळ्यांत जास्त सावधगिरी याच भागात लागते.

एका कंपनीची तीन वर्षे

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशिनिंग करून मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कल्पावी. संचालक दोन भाऊ, शेअर सगळे घरातच. तीन वर्षांत त्यांनी नवी सीएनसी यंत्रे घेतली आणि विक्री दीडपट केली. पुढचे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. ते लाख रुपयांत आहेत, आणि ताळेबंदातला प्रत्येक आकडा वर्षाची सरासरी आहे.

| | पहिले वर्ष | तिसरे वर्ष |
|---|---|---|
| विक्री | ८०० | १,२०० |
| व्याज व करापूर्वीचा नफा | ७६ | १२८ |
| व्याज | १२ | ४८ |
| करोत्तर नफा | ४८ | ६० |
| एकूण मालमत्ता | ५०० | १,००० |
| मालकांचा निधी | ३०० | ३२० |
| कर्ज | १२० | ४८० |
| पुरवठादार व इतर देणी | ८० | २०० |

कर २५ टक्के आणि कर्जावरचे व्याज १० टक्के धरले आहे. पहिल्या वर्षी ३०० लाखांवर ४८ लाख, म्हणजे १६ टक्के परतावा. तिसऱ्या वर्षी ३२० लाखांवर ६० लाख, म्हणजे १८.७५ टक्के. विक्री वाढली, नफा वाढला, परतावाही वाढला. वार्षिक सभेत पेढे वाटावेत असेच हे चित्र आहे.

आता फोड करायची. पहिल्या वर्षी मार्जिन ६ टक्के, उलाढाल १.६ पट आणि लिव्हरेज १.६७ पट. तिसऱ्या वर्षी मार्जिन ५ टक्के, उलाढाल १.२ पट आणि लिव्हरेज ३.१३ पट. मार्जिन घसरले, उलाढालही घसरली. धंदा चालवण्याशी ज्यांचा संबंध आहे ते दोन्ही आकडे खाली आले आणि तरीही परतावा वाढला, कारण तिसरी पट जवळजवळ दुप्पट झाली. लिव्हरेज पहिल्या वर्षाइतकेच धरून तिसऱ्या वर्षाचा गुणाकार केला, तर उत्तर १० टक्के येते.

त्या १० टक्क्यांवर मात्र घाईने विश्वास ठेवू नये. तिन्ही भाग कागदावर सुटे दिसतात, पण आतून ते एकमेकांना बांधलेले असतात. मार्जिनमधला नफा व्याज वजा करून उरलेला आहे, त्यामुळे कर्ज वाढले की लिव्हरेज वर जाते आणि त्याच झटक्यात मार्जिन खाली येते. तिसऱ्या वर्षीही लिव्हरेज १.६७ च ठेवायचे असते, तर १,००० लाखांच्या मालमत्तेमागे मालकांचे ६०० लाख लागले असते. पुरवठादारांची देणी तेवढीच राहिली असती तर कर्ज २०० लाखांवर आणि व्याज २० लाखांवर आले असते. नफा ८१ लाख झाला असता आणि परतावा १३.५ टक्के. खरी तुलना १६ आणि १३.५ यांच्यात आहे. गाडी घसरली आहे हे नक्की, पण कोरा गुणाकार सांगतो तितकी नाही.

मार्जिन कुठे गेले

मार्जिन ६ वरून ५ टक्क्यांवर आले म्हटल्यावर मालकाचे लक्ष पहिल्यांदा कच्च्या मालाच्या भावाकडे आणि कामगारांच्या पगाराकडे जाते. या कंपनीत ते लक्ष चुकीच्या जागी गेले असते. व्याज आणि कर वजा होण्यापूर्वीचा नफा पाहिला, तर पहिल्या वर्षी तो विक्रीच्या ९.५ टक्के होता आणि तिसऱ्या वर्षी १०.७ टक्के झाला. नव्या यंत्रांवर काम चांगले निघत होते. पण पहिल्या वर्षी त्या नफ्यातल्या शंभर रुपयांपैकी सुमारे १६ रुपये व्याजात जात होते, तिसऱ्या वर्षी साडेसदतीस रुपये जाऊ लागले. मार्जिन शॉपफ्लोअरवर हरवले नव्हते, ते बँकेच्या खात्यात जमा होत होते. म्हणूनच जाणकार पहिल्या भागाचे पुन्हा तीन तुकडे करतात: कामातून मिळालेला नफा, व्याजानंतर त्यातला किती उरला, आणि करानंतर किती उरला. तीन भागांची फोड त्यामुळे पाच भागांची होते. कर्ज असलेल्या कंपनीत एवढे कष्ट घ्यावेतच.

मार्जिनच्या आकड्यावर सुटे मत देता येत नाही याचे आणखी एक कारण याच धंद्यात सापडते. कास्टिंग स्वतः विकत घेऊन, मशिनिंग करून पूर्ण किमतीला विकले, तर विक्रीत कास्टिंगची किंमतही मोजली जाते. ग्राहकानेच कास्टिंग पाठवले आणि कंपनीने फक्त जॉबवर्कचे पैसे लावले, तर विक्री बरीच कमी दिसते. यंत्र तेच, कामगार तेच, नफाही साधारण तेवढाच. पण जॉबवर्कमध्ये मार्जिन खूप मोठे आणि उलाढाल छोटी दिसते, मालासह विक्रीत उलट. दोहोंचा गुणाकार मात्र जवळपास सारखा येतो. एखाद्या वर्षी मार्जिन एकदम उडी मारून वर गेले आणि उलाढाल त्याच प्रमाणात पडली, तर कार्यक्षमतेचे निष्कर्ष काढण्याआधी कामाचा प्रकार बदलला का हे विचारावे.

उलाढाल का मंदावली

मालमत्तेची उलाढाल १.६ वरून १.२ वर आली. म्हणजे पूर्वी एक रुपयाच्या मालमत्तेवर वर्षाला १ रुपया ६० पैशांची विक्री व्हायची, आता १ रुपया २० पैशांचीच होते. पहिला संशय नव्या यंत्रांवर जातो. यंत्र ताळेबंदात आल्या दिवसापासून पूर्ण किमतीने बसते, पण त्याच्यावरचे काम हळूहळू भरते. इमारत आणि यंत्रे पहिल्या वर्षी २२० लाखांची होती, तिसऱ्या वर्षी ४२० लाखांची झाली. विक्री त्यांच्या ३.६ पट होती, ती २.९ पट झाली. एवढी घट अपेक्षितच होती आणि यंत्रे पूर्ण पाळ्यांत चालू लागली की ती भरून निघू शकते.

अधिक बोलका आकडा येण्यांचा आहे. ग्राहकांकडून येणे रक्कम १५० लाखांवरून ३३० लाखांवर गेली. विक्री दीडपट झाली, येणी मात्र दुपटीहून अधिक. दिवसांत मोजायचे तर येणी भागिले विक्री गुणिले ३६५. पहिल्या वर्षी उत्तर ६८ दिवस येते, तिसऱ्या वर्षी १००. येथे एक बारकावा नेहमी निसटतो. नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून असते, तर ग्राहकाच्या नावावरचे येणे जीएसटीसह असते. कर १८ टक्के असेल तर येणी आधी १.१८ ने भागायला हवीत. तसे केले की दिवस ५८ आणि ८५ होतात. ग्राहकाने ६० दिवसांची मुदत मान्य केली असेल, तर दुरुस्तीआधीचे ६८ दिवस उशिराचे वाटतात आणि दुरुस्तीनंतरचे ५८ दिवस मुदतीत बसतात. तिसऱ्या वर्षाचे ८५ मात्र कोणत्याही हिशेबाने मुदतीबाहेर आहेत. नव्या ऑर्डरी मिळवताना उधारीची मुदत सैल सोडली गेली, किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाचे पैसे अडकले आहेत. यातले खरे काय ते ताळेबंद सांगत नाही. त्यासाठी येण्यांची वयवार यादी पाहावी लागते. कंपनीच्या हिशेबांच्या टिपांमध्ये सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते एक वर्ष आणि त्यापुढच्या वर्षांच्या रकान्यांत ती आता द्यावीच लागते.

येणी जीएसटीसह ६८ दिवसांवर परत आणता आली, तर सुमारे १०६ लाख रुपये मोकळे होतात. त्यातून कर्ज फेडले की वर्षाला साधारण साडेदहा लाखांचे व्याज वाचते, करोत्तर नफा सुमारे ६८ लाख होतो आणि परतावा २१ टक्क्यांवर जातो. मार्जिन ५.७ टक्के होते, उलाढाल १.३४ होते आणि लिव्हरेज २.८ वर उतरते. कर्ज कमी करूनही परतावा वाढवणारा मार्ग छोट्या कंपनीत बहुतेक वेळा येण्यांच्या वहीतच असतो. उत्पादन खर्चात एक टक्का वाचवण्यासाठी महिनोन्‌महिने खटपट करणारा मालक ग्राहकाला पैशांसाठी फोन करताना संकोचतो, ही वेगळी गोष्ट.

बाहेरच्या पैशाने काय मिळवले

कर्ज घेऊन परतावा वाढवणे मुळात गैर नाही. मालमत्तेवर मिळणारा व्याजपूर्व नफा व्याजदरापेक्षा जास्त असेपर्यंत फरक मालकांच्या पदरात पडतो. या कंपनीत तो नफा पहिल्या वर्षी मालमत्तेच्या १५.२ टक्के आणि तिसऱ्या वर्षी १२.८ टक्के होता. व्याज १० टक्के. म्हणजे अजून २.८ टक्क्यांचा फरक उरलेला दिसतो.

पण सरासरीत जुनी चांगली मालमत्ताही मिसळलेली आहे. नव्याने घातलेल्या पैशाचे वेगळे गणित करायला हवे. मालमत्ता ५०० लाखांनी वाढली आणि व्याजपूर्व नफा ५२ लाखांनी, म्हणजे नव्या पैशावर १०.४ टक्के मिळाले. व्याज १० टक्के. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. नव्या ५०० लाखांपैकी ३६० लाख कर्जातून आले, १२० लाख पुरवठादारांची आणि इतर देणी वाढवून, आणि जेमतेम २० लाख मालकांच्या निधीतून. करापूर्वीचा नफा एकूण १६ लाखांनी वाढला. त्यातले ३६० लाखांच्या कर्जाने मिळवून दिलेले दीड लाखही नाहीत. मालकांच्या २० लाखांचे दोन लाख. उरलेले साडेबारा लाख आले ते ज्यावर व्याज द्यावे लागत नाही अशा देण्यांमधून. वाढलेल्या परताव्याचा मोठा हिस्सा पुरवठादारांचे पैसे उशिरा देण्यातून निघाला होता.

हा स्रोत टिकाऊ नाही, आणि आता तो स्वस्तही राहिलेला नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्याचे पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागू होते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली की मुदतीनंतर थकलेली ही रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळेल. फाउंड्रीवाल्याचे पैसे ३१ मार्चला मुदत उलटून थकलेले असतील, तर त्या वर्षी त्यांच्यावर कर भरावा लागतो. हाताशी आलेल्या रोखीचा काही भाग असा कर म्हणून बाहेर जातो.

लिव्हरेजचा धोका चांगल्या वर्षात दिसत नाही. वाहन उद्योग थंडावला आणि व्याजपूर्व नफा ३० टक्क्यांनी पडला असे धरले, तर पहिल्या वर्षीच्या रचनेत परतावा १६ वरून १०.३ टक्क्यांवर येतो. तिसऱ्या वर्षीच्या रचनेत तो १८.७५ वरून ९.७५ वर येतो. मंदी तीच, पडझड मात्र ५.७ ऐवजी ९ टक्क्यांची. आणि यंत्रांसाठी घेतलेल्या मुदत कर्जाचा हप्ता व्याजापेक्षा मोठा असतो, मुद्दलही परत द्यायचे असते. परताव्याच्या सूत्रात मुद्दलाच्या परतफेडीला जागाच नाही. ती क्षमता पाहायला वेगळे प्रमाण लागते.

घरच्या कंपनीचे घरचे आकडे

येथवर छापील आकडे जसेच्या तसे घेतले. घरच्या मालकीच्या कंपनीत ते तसे घेणे सहसा चालत नाही. मालक, संचालक आणि सावकार अनेकदा एकच माणूस असतो, आणि कोणता पैसा कोणत्या नावाने कंपनीत राहील हे तो आपल्या सोयीने ठरवतो.

सगळ्यांत मोठा फरक संचालकांच्या बिनतारण कर्जाने पडतो. या कंपनीत भावांनी लाभांश घेतला, आणि त्यात घरची बचत घालून १०० लाख रुपये कंपनीला कर्जाऊ दिले, असे समजावे. तिसऱ्या वर्षीच्या ४८० लाखांच्या कर्जात हे १०० लाख आहेत, पहिल्या वर्षी असे काही नव्हते. प्रायव्हेट कंपनीला संचालकाकडून असा पैसा घेता येतो. तो स्वतः उसना आणलेला नाही, असे संचालकाने लिहून द्यायचे असते. यात मालकाची सोय दुहेरी असते. शेअरचे पैसे परत घेणे अवघड, कर्ज केव्हाही परत घेता येते. आणि लाभांश कंपनीच्या खर्चात धरला जात नाही, व्याज धरले जाते.

ताळेबंदात हे कर्ज म्हणून दिसते, पण बँक गेल्याशिवाय ते जाणार नसेल तर व्यवहारात तो मालकांचाच पैसा आहे. कर्ज मंजूर करताना बँकाही अनेकदा संचालकांकडून हमीपत्र घेतात, की आमची थकबाकी असेपर्यंत ही रक्कम काढणार नाही, आणि मग ती निधीत धरतात. तसेच येथे करून पाहिले तर मालकांचा निधी ४२० लाख होतो. त्या १०० लाखांवरचे १० लाखांचे व्याज मालकांनाच गेले, म्हणून कर वजा करून साडेसात लाख नफ्यात परत मिळवायचे. नफा ६७.५ लाख, परतावा १६.१ टक्के. लिव्हरेज ३.१३ ऐवजी २.३८. छापील हिशेबात दिसलेली पावणेतीन टक्क्यांची वाढ जवळपास पूर्ण नाहीशी झाली. कंपनी दिसत होती तितकी कर्जबाजारी नव्हती आणि दिसत होती तितकी फायद्याचीही नव्हती.

मार्जिनला अशीच दुरुस्ती संचालकांच्या पगाराची लागते. दोन भाऊ मिळून वर्षाला १५ लाख घेत असतील आणि त्यांच्या जागी नोकरदार व्यवस्थापक ठेवायला ४० लाख पडणार असतील, तर नफ्यात २५ लाख रुपये त्यांच्या स्वस्त श्रमाचे आहेत. उलटही घडते. घरच्या माणसांना भरपूर पगार दाखवून नफा कमी ठेवलेला असतो. उलाढालीत गडबड जागेमुळे होते. शेड वडिलांच्या नावावर असेल आणि कंपनी नाममात्र भाडे देत असेल, तर मालमत्ता ताळेबंदाबाहेर राहते आणि उलाढाल फुगते. जमीन तीस वर्षांपूर्वीच्या किमतीला नोंदलेली असली तरी परिणाम तोच. अशा कंपनीची तुलना शेजारच्या, गेल्या वर्षी प्लॉट घेतलेल्या कंपनीशी करता येत नाही. तिची तुलना तिच्याच मागच्या वर्षांशी करावी.

शिवाय ताळेबंद ३१ मार्चच्या एका संध्याकाळचा असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल घाईने रवाना करून बिले फाडण्याची रीत सर्वत्र आहे. साठा कमी दिसतो, येणी वाढतात, विक्रीही वर्षाच्या खात्यात पडते. दोन मार्चची सरासरी घेतली तरी ही खोड जात नाही, कारण दोन्ही टोकांना तीच रीत असते. यावर उपाय कंपनीच्याच कपाटात असतो. कॅश क्रेडिट खाते असलेली कंपनी बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट देते आणि त्यात साठा व येणी दोन्ही असतात. बारा महिन्यांची सरासरी त्यातून काढता येते, आणि महिन्याची विक्री जीएसटीच्या विवरणपत्रांशी ताडून पाहता येते.

निधीच उणे झाला असेल, म्हणजे साठलेल्या तोट्याने भांडवल गिळले असेल, तर ही फोड करू नये. तोटा भागिले उणे निधी याचे उत्तर धन येते आणि बुडीत कंपनीचा परतावा कागदावर झकास दिसतो. निधी धन पण अगदी किरकोळ असेल, तरी आकडे असेच बेभान होतात.

हे सगळे बाहेरच्या वाचकाला किती दिसते? कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये मार्च २०२१ मध्ये बदल झाला आणि त्या एप्रिलपासून कंपन्यांना हिशेबांच्या टिपांमध्ये अकरा प्रमाणे देणे भाग पडले. त्यात रिटर्न ऑन इक्विटी आहे, निव्वळ नफ्याचे प्रमाण आहे, कर्ज आणि निधीचे प्रमाण आहे, साठा व येण्यांची उलाढाल आहे. एकूण मालमत्तेची उलाढाल आणि लिव्हरेजची पट मात्र त्या यादीत नाही. त्यातली भांडवलाची उलाढाल खेळत्या भांडवलावर काढलेली असते, ती एकूण मालमत्तेची समजू नये. हे दोन आकडे ताळेबंदावरून स्वतःच काढावे लागतात.

एखादे प्रमाण मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक बदलले तर कारण देण्याची अटही त्याच टिपेत आहे. उदाहरणातल्या कंपनीचा मधल्या वर्षाचा नफा ५० लाख आणि सरासरी निधी ३१२.५ लाख होता असे धरले, तर त्या वर्षीचा परतावा बरोबर १६ टक्के येतो, म्हणजे बदल शून्य. पुढच्या वर्षी १६ चे १८.७५ झाले, म्हणजे बदल १७ टक्के. रिटर्न ऑन इक्विटीच्या ओळीसमोरचा कारणाचा रकाना दोन्ही वर्षी कोरा राहतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कारण सापडेल ते दोन-चार ओळी पलीकडे, कर्ज आणि निधीच्या प्रमाणासमोर, बहुधा एवढ्याच शब्दांत: यंत्रसामग्रीसाठी मुदत कर्ज घेतल्याने वाढ.